फळाची आशा सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं? माझं कामच निकालाचं आहे

पाऊलखूण

नमस्कार. पंप बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी टेंडरचं काम बघते. नगरपालिका आणि पाणीपुरवठा योजनांच्या निविदा निघतात. त्या वाचायच्या, कागदपत्रं जमवायची, दर काढायचे आणि मुदतीच्या आत पोर्टलवर चढवायचं, हे माझं काम. अकरा वर्षं झाली. वर्षाला चाळीसेक टेंडरं भरते, त्यातली सहा-सात लागतात. लागलं की पेढे येतात, नाही लागलं की सोमवारच्या मीटिंगला सगळे माझ्याकडे बघतात.

फेब्रुवारीत एक मोठं टेंडर भरलं होतं. तांत्रिक लिफाफा उघडला, आम्ही पात्र ठरलो. आर्थिक लिफाफा कधी उघडणार ते कळेना. दिवसातून वीस-पंचवीस वेळा पोर्टल उघडून बघायचे. कुकरची शिट्टी होईपर्यंत, लोकलमध्ये, एकदा तर मुलगी शाळेच्या स्टेजवर नाचत असताना. त्याच आठवड्यात दुसरं एक टेंडर हातात होतं. त्याला शुद्धिपत्रक निघालं. देखभालीची मुदत दोनाची पाच वर्षं केली होती आणि हमीपत्र नव्या नमुन्यात मागितलं होतं. रोज त्याच पोर्टलवर बसून मला ते दिसलं नाही. जुन्या नमुन्यातलं हमीपत्र चढवलं आणि छाननीतच आम्ही बाद झालो. दर कुणी वाचलेसुद्धा नाहीत.

ज्याची वाट बघत होते तेही गेलं. आमचा दर १ कोटी ८४ लाख, ज्यांना मिळालं त्यांचा १ कोटी ७९ लाख.

तेव्हापासून पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. सासूबाई मायेने म्हणतात, "अगं, कर्म करत राहावं, फळाची आशा धरू नये." मला ते पटतं, पण पाळता येत नाही. मला पगार निकालासाठी मिळतो. टेंडर लागो न लागो, मला काय त्याचं, असं म्हणून बसले तर दर तरी नीट काढीन का? हे वाक्य ऑफिसात बसलेल्या माणसाने कसं वापरायचं, कुणी साध्या शब्दांत सांगेल का?

नवाउजेड

ताई, गीतेत स्पष्ट सांगितलंय की फळाचा विचारच करायचा नाही. तुम्ही टार्गेट मनातून काढूनच टाका. मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं. आकडे बघणं बंद, रिपोर्ट वाचणं बंद. समोर आलेलं काम करायचं आणि सहाला लॅपटॉप मिटायचा. मन एकदम हलकं होतं. निकाल काय लागायचा तो लागेल, आपल्या हातात काय आहे?

घाटमाथा

मी पंधरा वर्षं सरकारी कामांचा ठेकेदार होतो, म्हणून लिहितो. पाच लाखांनी टेंडर गेलं म्हणजे तुमचा दर जास्त होता, एवढंच. वाहतूक आणि बसवणी यांत लोक भरपूर चरबी ठेवतात, तिथे कापा. शेवटच्या रात्री पुन्हा एकदा दर खाली आणायची तयारी ठेवा. चाळीसात सात हे प्रमाण वाईट नाही, पण दहापर्यंत नेता येईल.

पाऊलखूण

घाटमाथा दादा, धन्यवाद, पण माझा प्रश्न टेंडर कसं मिळवायचं हा नव्हता. तरी तुम्ही शेवटच्या रात्रीचं बोललात म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी तेच केलं होतं. सलग चार टेंडरं गेली होती, पाचवं जाऊ द्यायचं नव्हतं. मुदत संपायच्या आदल्या रात्री साडेनऊला त्यांनी दर सहा टक्क्यांनी उतरवायला सांगितलं. केबलचे भाव चढते आहेत हे मी त्या दिवशीच फाइलवर लिहिलं होतं. टेंडर लागलं, पेढे वाटले. पुढची दीड वर्षं त्या कामात आम्ही पदरचे पैसे घातले.

सरळरेषा

मी कामगार संघटनेत काम करतो, त्यामुळे हा श्लोक मी वेगळ्याच तोंडून ऐकलाय. बोनस मागायला गेलो की व्यवस्थापनाला निष्काम कर्म आठवतं. आम्ही फळाची आशा धरायची नाही आणि त्यांनी मात्र वार्षिक नफ्याच्या टक्क्यावर कमिशन घ्यायचं. ताई, तुम्ही अकरा वर्षं एकट्याने चाळीस टेंडरं भरता आहात. तुमच्याकडे दुसरा माणूस नाही, शुद्धिपत्रक तपासायला कुणी नाही. हा प्रश्न अध्यात्माचा नाही, माणसं कमी असण्याचा आहे. आणि एक विचारतो, कृष्णाने तरी अर्जुनाला फळ दाखवलं नाही का? मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वीचं राज्य, हे त्याच दुसऱ्या अध्यायात आहे. मग आम्हालाच का वेगळा नियम?

कृष्णाकाठ

मी वाईला असतो. शाळेत तेहतीस वर्षं संस्कृत शिकवलं. दुसऱ्या अध्यायाचा हा श्लोक जितक्या वेळा शिकवला तितक्या वेळा मुलांनी पहिला अर्धाच पाठ केला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२.४७ मध्ये चार तुकडे आहेत. टिळकांनी त्यांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलं, ते एवढ्यासाठीच की चारही एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. तुझा अधिकार कामावर आहे. फळावर नाही. फळ हा कामामागचा हेतू होऊ देऊ नकोस. आणि काम न करण्याकडेही ओढ घेऊ नकोस. नवाउजेड यांनी दुसरा तुकडा घेतला आणि चौथा सोडला. रिपोर्ट वाचणं बंद करणं हे त्या चौथ्या तुकड्यात मोडतं.

आता "फळाचा विचारच करायचा नाही" हे गीतेत कुठेही नाही. उलट अठराव्या अध्यायात, २५व्या श्लोकात, तामस कर्म कोणतं ते सांगितलंय. जे पुढचे परिणाम, होणारं नुकसान, दुसऱ्याला होणारा त्रास आणि स्वतःची ताकद यांतलं काहीच न जोखता मोहाने सुरू केलं जातं, ते. तिथे शब्द आहे 'अनुबंध', म्हणजे कामाच्या मागोमाग जे बांधलेलं येतं ते. म्हणजे परिणाम पाहायचाच आहे. पाऊलखूण, तुम्ही केबलच्या भावाची टीप फाइलवर लिहिलीत, तो अनुबंध पाहणं झालं. साहेबांनी सहा टक्के उतरवले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फळ होतं, पण अनुबंध दिसेनासा झाला होता. फळाला चिकटलेल्या माणसाला परिणाम कमी दिसतो, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते.

म्हणून वेळ वेगळी करा. दर काढायच्या आधी निकालाचा हवा तेवढा विचार करा. लागलं तर माल वेळेत देता येईल का, नाही लागलं तर कारखान्यात काय करायचं, कितीच्या खाली जायचं नाही, हे सगळं कागदावर येऊ द्या. तो विचार हा कामाचाच भाग आहे. पण दर भरायला बसलात, बटण दाबलंत, की तिथून पुढे निकाल मनात घोळवण्याने टेंडरमध्ये एका रुपयाचा फरक पडत नाही. तिथे सोडायचं आहे.

सरळरेषा, तुम्ही दाखवलेली जागा खरी आहे. २.३७ मध्ये स्वर्ग आणि राज्य दोन्ही आहेत. त्याच्या लगेच पुढचा श्लोक मात्र लाभ आणि हानी, जय आणि पराजय सारखे मानून लढायला उभा राहा असं सांगतो. जाणकार या दोन श्लोकांची सांगड वेगवेगळी घालतात. मी वर्गात सांगायचो की कृष्ण आधी अर्जुनाला त्याच्या समजुतीच्या पायरीवर भेटतो आणि मग वर नेतो. हे माझं वाचन झालं, तुम्ही ते मानलंच पाहिजे असं नाही.

निफाडकर

गुरुजी बरोबर बोलले. मी कांदा करतो, म्हणून माझं सांगतो, ताईंना उपयोग होईल का बघा.

उन्हाळ कांदा एप्रिलच्या आसपास चाळीत भरतो. भाव चांगला मिळाला तर दिवाळीच्या आधी काढायचा. तोवर पाच-सहा महिने पैसा त्या बांबूच्या भिंतीआड अडकलेला. पहिली दोन वर्षं मी सकाळी उठलो की आधी मोबाइलवर लासलगावचा भाव बघायचो. दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा. भाव बघून माझा कांदा काही टिकत नव्हता. तिसऱ्या वर्षी चाळीच्या मागच्या कोपऱ्यातून वास यायला लागला. पत्रा एका जागी गळत होता, खालचे थर सडले होते. माझ्या वडिलांच्या नाकाला तो वास चार दिवस आधी आला असता. मी रोज चाळीपाशी उभा राहूनच भाव बघत होतो.

आता असं करतो, आठवड्यातून दोनदा चाळीच्या चारही बाजूंनी फिरतो, हात आत घालून बघतो, ओल लागली की तेवढा भाग उपसतो. भाव फक्त सोमवारी बघतो. कितीला आला की काढायचा ते चाळ भरताना वहीत लिहून ठेवलेलं असतं. भाव पडला की पोटात कालवतंच, ते गेलेलं नाही. कर्ज आहे, पोरीचं शिक्षण आहे. आमचं पोट फळावरच चालतं, त्यामुळे कुणी फळ सोडा म्हटलं की राग येतो. पण कांदा बघणं आणि भाव बघणं यात फरक आहे, एवढं मला कळलं.

पाऊलखूण

निफाडकर दादा, तुमचा गळका पत्रा वाचून मी थांबले. माझं शुद्धिपत्रक म्हणजे तोच पत्रा.

गुरुजी, एक विचारते. वेळ वेगळी करा म्हणता ते डोक्याने कळलं. पण बटण दाबल्यावर मन सुटत नाही, त्याचं काय? मी ठरवून फोन लांब ठेवते तरी आतून कुणीतरी ओढतं. आणि खोलवर असं वाटतं की टेंडर गेलं म्हणजे मी गेले.

कृष्णाकाठ

हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. गाठ तिथेच आहे.

अठराव्या अध्यायात १४वा श्लोक आहे. कोणतंही काम पार पडायला पाच गोष्टी लागतात असं तो म्हणतो. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. त्याच्यापुढे एक श्लोक सोडून म्हटलंय की हे असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला दिसत नाही. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात, टिळक स्थान असा अर्थ घेतात. मी पुढे ते ऑफिसला लावणार आहे. तो विस्तार माझा आहे, भाष्यकारांच्या माथी मारू नका.

एक करा. फेब्रुवारीतलं ते १ कोटी ८४ लाखांचं टेंडर घ्या आणि ते या पाचांत वाटा. अधिष्ठानात तुमची कंपनी, तिचा कारखाना, पंपाचा उत्पादन खर्च. कर्त्यात तुम्ही. साधनांत पोर्टल, डिजिटल सही, पुरवठादारांचे दर. हालचालींत हिशेब खात्याने बयाणा रक्कम वेळेत भरली का, इंजिनियरने तांत्रिक तक्ता बरोबर केला का. दैवात जे कुणाच्याच हातात नव्हतं ते. मग बघा, पाच लाखांचा तो फरक कोणत्या खणात पडतो. मनात करू नका, लिहून काढा. आणि दुसरं टेंडरही, हमीपत्रवालं, तसंच वाटा. तिथे उत्तर वेगळं येईल. ते तसं येऊ द्या, झाकू नका.

रातराणी

मध्येच लिहिते, विषयाला सोडून नाही. पहाटे साडेतीनची जाग मी ओळखते. मी कोल्हापूरला रुग्णालयात परिचारिका आहे. तीन वर्षांपूर्वी मलाही असंच व्हायचं, छाती धडधडायची, वजन उतरलं. घरातले म्हणाले काळजी करतेस, नामस्मरण कर. मी करत होते. चार महिने गेले. शेवटी आमच्याच डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तेव्हा थायरॉइड वाढलेला निघाला. औषधाने सहा आठवड्यांत झोप परत आली. मन फळाला चिकटलंय म्हणून जाग येते की शरीरात काही बिघडलंय, हे श्लोक वाचून कळत नाही. पाऊलखूण ताई, आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड नसला तरी चिंतेचा आजार हाही आजारच असतो, त्याला उपचार आहेत. तो असला तर तुमची भक्ती कमी पडली असं होत नाही.

कृष्णाकाठ

रातराणी, तुम्ही लिहिलंत ते माझ्या आधी लिहायला हवं होतं. तिसऱ्या अध्यायात अर्जुनाला 'विगतज्वर' होऊन लढ असं सांगितलंय, म्हणजे ताप उतरल्यावर. तिथला ताप मनाचा आहे. अंगातल्या तापाला वैद्यच हवा.

नवाउजेड

गुरुजी, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला. मी रिपोर्ट वाचणं बंद केलं ते खरं तर मला वाईट आकडे बघवत नव्हते म्हणून. मन हलकं झालं हे खोटं नाही, पण मागच्या तिमाहीत एक ग्राहक गेला तो मला तीन आठवड्यांनी कळला. हे सोडणं नसून पळणं आहे का? तसं असेल तर दोन्हींत फरक कसा ओळखायचा?

कृष्णाकाठ

अठराव्याच्या आठव्या श्लोकात याचं नाव आहे. त्रास होतो, अंगाला तोशीस पडते, या भीतीने जे काम टाकलं जातं तो राजस त्याग. त्याने त्यागाचं फळ मिळत नाही असंही तिथेच आहे.

ओळखायची एक खूण माझ्या नोकरीतली सांगतो. दहावीचा निकाल लागायचा तेव्हा मी माझ्या विषयाची टक्केवारी धडधडत्या छातीने बघायचो. काही वर्षं निकाल वाईट लागला की पेपर अवघड होता असं सांगून मोकळा व्हायचो. एका वर्षी समासांवरचे प्रश्न निम्म्या वर्गाचे चुकले. मी पुन्हा पेपरकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी समासच पुन्हा चुकले, कारण माझी शिकवण्याची रीत मी तपासलीच नव्हती. निकालाला चिकटलो होतो म्हणून निकालाकडे सरळ बघता येत नव्हतं. चिकटलेला माणूस आकडा सारखा बघतो किंवा आकड्याकडे पाठ फिरवतो. सुटलेला माणूस एकदा बघतो आणि त्यातून पुढच्या कामाला काय लागतं ते उचलतो. तुम्हाला ग्राहक गेल्याचं तीन आठवड्यांनी कळलं, यात तुमचं उत्तर आहे.

दुसरी खूण यशातली. ती लोक विसरतात. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात माउली अपयशाच्या आधी यशाचं बोलतात.

परी आदरिलें कर्म दैवें । जरी समाप्तीतें पावे ।
तरी विशेषें तेथ तोषावें । हेंही नको ॥

हाती घेतलेलं काम नशिबाने तडीस गेलं तरी फार हुरळून जायचं नाही, आणि पुढच्या ओवीत, काही कारणाने अडलं तरी क्षोभायचं नाही. पाऊलखूण, तुमच्या ऑफिसातले पेढे मला त्यासाठी महत्त्वाचे वाटतात. सोमवारच्या नजरा बोचतात, कारण आधी पेढ्यांना आपण आपलं मोल ठरवू दिलेलं असतं.

सरळरेषा

गुरुजी, तुमचं बोलणं पटतं, पण माझा मुद्दा तुम्ही हलक्या हाताने बाजूला ठेवलात. पगार, बढती, जास्तीची माणसं, हे मागणं म्हणजे फळाची आशा की नाही?

कृष्णाकाठ

माझ्या मते पगार हा करार आहे. तो मागणं, त्यासाठी भांडणं, हे स्वतःच एक काम आहे आणि तेही याच रीतीने करता येतं. टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलं, १९१४ला सुटून आले आणि १९१६ला होमरूलच्या चळवळीत उतरले. फळाची आसक्ती सोडा म्हणणाऱ्याने हक्काची मागणी सोडली नाही.

सरळरेषा

टिळक स्वतःच्या बोनससाठी भांडत नव्हते, देशासाठी भांडत होते. माझ्या सभासदाला स्वतःच्या मुलाची फी भरायची आहे. त्याने ती मागणी आसक्तीशिवाय करावी असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. आणि जो मालक हा श्लोक भिंतीवर लावतो, त्याने तो आधी स्वतःच्या नफ्याला लावावा. यावर आपलं जमेल असं वाटत नाही.

कृष्णाकाठ

नाही जमलं तरी चालेल. मालकाबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. 'अधिकार तुझा' हे वाक्य माणसाने स्वतःशी म्हणायचं आहे. दुसऱ्याचं तोंड बंद करायला ते वापरलं की त्याचा अर्थच फिरतो. फीच्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे तुमचं समाधान होईल असं उत्तर नाही.

पाऊलखूण (सव्वा महिन्याने)

बरेच दिवस लिहिलं नाही. एकेक करून सांगते.

रातराणी ताई, डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड ठीक निघाला, हिमोग्लोबिन बरंच कमी आहे. गोळ्या चालू आहेत. समुपदेशकांकडेही दोनदा जाऊन आले. जाग अजून येते, पण रोज नाही.

गुरुजी, तुम्ही सांगितलेले पाच खण वहीत आखले. १ कोटी ८४ लाखांवाल्या टेंडरला दोन तास लागले. ज्यांना ते मिळालं त्यांचा कारखाना त्या गावापासून चाळीस किलोमीटरवर आहे, आमचा तीनशेवर. वाहतूक आणि पाच वर्षं दुरुस्तीची माणसं पाठवणं, एवढ्यातच आमचे चार-साडेचार लाख जातात. ते अधिष्ठानात गेले. माझ्या खणात लिहायला काही उरलंच नाही. मी ते टेंडर नीट भरलं होतं. ते वाचून मला रडू आलं, कारण चार महिने मी स्वतःला त्याच टेंडरसाठी बोल लावत होते.

दुसऱ्या टेंडरमध्ये उलटं झालं. शुद्धिपत्रक कर्त्याच्या खणात, स्वच्छ माझं. तिथे दैव लिहायला हात शिवशिवत होता, लिहिलं नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी स्वतःहून सांगितलं की चूक माझी होती, आणि अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी कुणीतरी दुसऱ्याने शुद्धिपत्रकं तपासायला हवीत. सरळरेषा दादा, तुमचा मुद्दा तिथे कामी आला. साहेब लगेच हो म्हणाले नाहीत. दोन आठवड्यांनी खरेदी विभागातला एक मुलगा अर्ध्या दिवसासाठी दिलाय. पूर्ण वेळाचा माणूस मी लेखी मागितलाय. त्याचं काय होईल माहीत नाही.

निफाडकर दादांची वही मी उचलली. आता टेंडर भरायच्या आधी पहिल्या पानावर साहेबांना घेऊन दोन आकडे लिहिते. किती दराला द्यायचं आणि कितीच्या खाली जायचं नाही. दोघांची सही. मागच्या आठवड्यात मुदतीच्या आदल्या संध्याकाळी साहेब आले, म्हणाले अजून थोडं उतरवू. मी वही पुढे केली. ते बराच वेळ बघत राहिले आणि उठून गेले.

टेंडर चढवलं की पोचपावती डाउनलोड करते, फाइलमध्ये लावते आणि फाइल त्या मुलाच्या टेबलावर ठेवते. पोर्टल बघायचं काम त्याचं, सकाळी अकराला एकदा. मी बघत नाही. पहिले चार दिवस फार जड गेले. हात आपोआप फोनकडे जायचा, मग वही उघडून पुढच्या टेंडरच्या अटी वाचायचे. दोनदा मोडलं, रात्री अंथरुणात बघितलं. गुरुजी, यशाच्या खुणेत मात्र मी अजून नापास आहे. मध्ये एक छोटं टेंडर लागलं तेव्हा दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते आणि मला ते आवडलं.

निफाडकर

ताई, आनंद झाला तर होऊ द्या. पेढे खा. पुढच्याच दिवशी चाळीला चक्कर मारली म्हणजे झालं.

कृष्णाकाठ

निफाडकरांशी मी सहमत आहे. 'विशेषें' हा शब्द ओवीत आहे तो उगाच नाही.

पाऊलखूण, एक राहिलं. साहेब वही बघून उठून गेले, मग दर कितीला गेला?

पाऊलखूण

जो लिहिला होता तोच, गुरुजी. आर्थिक लिफाफा आज दुपारी तीनला उघडणार आहे असं तो मुलगा सकाळी सांगून गेला. मी आत्ता दुसऱ्या एका योजनेची प्री-बिड मीटिंग आहे तिच्यासाठी प्रश्न काढतेय. अकरा प्रश्न झालेत, अजून दोन राहिलेत. पंपाच्या हेडचा आकडा त्यांनी दोन ठिकाणी वेगळा दिलाय, ते विचारलं नाही तर पुढे फार गोंधळ होईल.